वार अडकली आणि वेळ गेला

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात माजघराला लागून एक अंधारी खोली होती. आजीची पाच बाळंतपणं तिथंच झाली. 1950च्या दशकात तिच्या धाकट्या जावेचं मात्र निभावलं नाही. पहाटे चारला मूल झालं, वार अडकली. ‘पडेल थोड्या वेळानं,’ सुईण म्हणाली. रक्त जातच होतं. मामंजी गावाला गेलेले, त्यांना विचारल्याशिवाय बाईला घराबाहेर काढायचं कुणी? साडेसहाला टांगा आला. दवाखाना वीस मिनिटांवर, पण रक्त देणारा माणूस सापडेपर्यंत दहा वाजले.

1994 साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी अशा मृत्यूंची उकल तीन उशिरांत मांडली: घरात निर्णयाला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचारांना उशीर. आमच्या घरच्या हिशेबात पहिला अडीच तासांचा, दुसरा वीस मिनिटांचा, तिसरा तीन तासांहून थोडा जास्त. बाळंतपणानंतरचा जबर रक्तस्राव थांबला नाही, तर मृत्यूला साधारण दोन तास पुरतात. अडलेल्या बाळंतपणात मात्र दिवसांची मुदत मिळते. पेठेत अंतर कधीच शत्रू नव्हतं.

त्यानंतर राज्याचं चित्र पालटलं. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू 2004-06मध्ये 130 होते, 2018-20मध्ये 33. मधल्या काळात जननी सुरक्षा योजना (2005) आली, 2014पासून 108ची गाडी धावू लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 साली 90.3 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, 2019-21मध्ये 94.7 टक्के. त्याच काळात गरोदरपणी किमान चार तपासण्या झालेल्या बायका मात्र 72.2वरून 70.3 टक्क्यांवर आल्या, आणि शंभर दिवस लोहाच्या गोळ्या घेतलेल्या निम्म्याही भरल्या नाहीत. मला ही तफावत टोचते. अंगात रक्तच कमी असलेली बाई थोड्या रक्तस्रावानंही कोसळते. शिवाय तपासणी ‘झाली’ एवढंच मोजलं जातं. हिमोग्लोबिन पाहिलं का, कमी निघाल्यावर पुढं काय केलं, हे त्या टक्क्यात नसतं.

तसंच दवाखान्यातल्या बाळंतपणाचं. तो आकडा दारापर्यंतचा. आत रक्ताची पिशवी, भूल देणारा डॉक्टर आणि ऑक्सिटोसिन वेळेवर हाताशी होतं का, ते तो सांगत नाही. मार्च 2025मध्ये पुण्यातच जुळ्यांना जन्म देऊन एक आई गेली, आणि त्याआधी एका रुग्णालयानं मागितलेल्या अनामत रकमेवरून गदारोळ उठला. टांगा नव्हता, वाट पाहायला लावणारे मामंजीही नव्हते.

आता मातामृत्यू झाला की तपासणी करणारी माणसं घरी येऊन विचारतात: त्रास कधी सुरू झाला, कोणी ठरवलं, निघालात किती वाजता, पहिला उपचार कधी? आजीला हे कुणी विचारलं नाही. पण चार, साडेसहा, दहा हे आकडे तिला ऐंशीव्या वर्षीही तोंडपाठ होते.