उकळूनही न मरणारे

1876 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल चांगलाच गोंधळात पडला. वाळल्या गवताचा काढा पाच मिनिटं उकळून बंद ठेवला की नासत नाही, हे त्यानंच दाखवलं होतं. आता तोच काढा गढूळ होऊ लागला. काही तर तासन्‌तास उकळूनही. प्रयोगशाळेत जुन्या गवताचा भारा आणलेला होता आणि त्याच्या धुळीतून बीजाणू सगळीकडे पसरले होते.

अन्न संपत आलं की बॅसिलस जातीचे जिवाणू स्वतःच्या आतच हा बीजाणू घडवतात. मग बाहेरची पेशी फुटून जाते. साध्या पेशीत ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. बीजाणूच्या गाभ्यात ते निम्म्याहूनही कमी उरतं. पाण्याची जागा कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल घेतात. प्रथिनं उष्णतेनं उलगडतात ती मुख्यतः भोवतीच्या पाण्याच्या मदतीनं. पाणीच आटलेलं, त्यामुळे ती जागच्या जागी घट्ट राहतात. डीएनएलाही छोटी प्रथिनं बिलगून असतात. वर प्रथिनांची जाड कवचं आणि आत जवळजवळ काहीच झिरपू न देणारं पटल, म्हणून जंतुनाशकंही बाहेरच अडतात. अल्कोहोलचा तर बीजाणूंवर परिणामच होत नाही. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलची साथ असलेल्या वॉर्डात सॅनिटायझरवर न विसंबता साबण-पाण्यानं हात धुवायला सांगतात, ते यासाठीच. तिथं बीजाणू मारायचे नसतात, वाहून न्यायचे असतात.

मग ऑटोक्लेव्हमध्ये वेगळं काय घडतं? दाब बीजाणूंना मारत नाही. वाफ 121 अंशांपर्यंत तापावी एवढ्यासाठीच तो हवा. ही वाफ थंड वस्तूवर पाणी होऊन बसते आणि आपली सारी उष्णता तिथं सोडते. त्या ओल्या उष्णतेपुढे गाभ्यातली प्रथिनंही अखेर मोडतात. कोरड्या हवेत याच कामाला 160 अंश आणि दोन तास लागतात.

अर्थात सगळे एकदम मरत नाहीत. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस हा यांतला सर्वांत चिवट. 121 अंशांना दर दीड मिनिटाला त्याचे नव्वद टक्के मरतात असं धरू. दहा लाखांपासून सुरुवात केली तर नऊ मिनिटांनी सरासरी एक उरतो. पंधराव्या मिनिटाला एखादा वाचण्याची शक्यता दहा हजारांत एक.

हा हिशेब बिघडतो तो आत अडकलेल्या हवेमुळे. कुकरमधून वाफेची धार आल्यावरच शिटी बसवतात, तसंच इथंही आधी हवा जाऊ द्यावी लागते. निम्मी हवा आत राहिली तर काटा 15 पौंडच दाखवतो, पण तापमान 112 अंशांच्या आसपासच असतं. तिथं नव्वद टक्के मरायला दीडऐवजी सुमारे बारा मिनिटं लागतात. म्हणजे पंधरा मिनिटांनीही दहा लाखांपैकी हजारो जिवंत!

काट्यावरून हे कळत नाही. म्हणून सामानाच्या मधोमध याच जिवाणूच्या बीजाणूंची छोटी कुपी ठेवतात. नंतर ती 55 ते 60 अंशांवर उबवतात. जांभळा द्रव पिवळा झाला, तर तो सगळा घाणा वापरण्याजोगा नाही.