‘टळतो’ की ‘कमी आढळला’?

आता हे उदाहरण बघा. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत, रजोनिवृत्तीनंतर हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी आढळला. पण हार्मोन कोणी घ्यायचे हे संशोधकांनी ठरवलेले नव्हते. घेणाऱ्या स्त्रिया मुळातच अधिक निरोगी असू शकतात. मग चर्चेच्या भागात ‘हार्मोनमुळे हृदयविकार टळतो’ असं कसं लिहिणार? ‘प्रमाण कमी आढळले, हा हार्मोनचा परिणाम असू शकेल, किंवा दोन गटांतल्या मूळच्या फरकाचा’, एवढंच म्हणता येतं. पुढे यादृच्छिक गट पाडून केलेल्या चाचणीत, २००२ साली, इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत हृदयविकार उलट थोडा जास्तच निघाला. मात्र ‘कदाचित असण्याची शक्यता वाटते’ अशी तिहेरी शंकाही नको. शंकेचा शब्द एकच वापरा, आणि शंका नेमकी कशामुळे, ते त्याच वाक्यात सांगा.