अक्षरांची घडण, भाग ९ : ठळक, कोनदार अक्षराचं बारसं

मागच्या भागात आपण मथळ्याच्या जाड अक्षरात आतली पोकळी कशी राखायची ते पाहिलं. आता तेच अक्षर तयार आहे असं समजू. उभे दंड जाड, वळणं मोडून केलेले कोन, शिरोरेषा आडव्या पट्टीसारखी सपाट. या अक्षराला नाव काय द्यायचं?

पांढुर्णा किंवा सौंसरच्या बाजारात लग्नपत्रिका आणि फलक करणाऱ्या डीटीपीच्या दुकानात बसलं, की नावाचं काम लगेच कळतं. संगणकावरच्या यादीत Kruti Dev 010 आणि त्याच्या पुढचे आकडे दिसतात. कोणत्या आकड्याचं अक्षर जाड आणि कोणत्याचं नाजूक, हे कारागिराला सवयीने पाठ असतं. नव्या माणसाला मात्र एकेक उघडून पाहावं लागतं. चांगलं नाव हा खटाटोप वाचवतं. यादीतला शब्द वाचतानाच अक्षराचा बांधा डोळ्यांपुढे यायला हवा.

हे दोन तऱ्हांनी साधतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ने एका गुबगुबीत देवनागरी अक्षराला ‘मोदक’ हे नाव दिलं. त्यात अक्षरं इतकी फुगली आहेत, की आतल्या पोकळ्यांच्या जागी नुसत्या चिरा उरतात. इथे नावातल्या वस्तूचा आणि अक्षराचा आकार एकच आहे. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘सरपंच’ची तऱ्हा वेगळी. हे अक्षर रुंद आणि चौकोनी आहे. रेग्युलरपासून ब्लॅकपर्यंत त्याची सहा वजनं आहेत. वजन वाढतं तसे उभे दंड जाड होत जातात, पण आडव्या रेषा त्या मानाने बारीक राहतात. सरपंच म्हटल्यावर कोणताही भौमितिक आकार आठवत नाही. आठवतो तो चावडीवर ऐसपैस बसणारा, मोठ्याने बोलणारा माणूस. एक नाव आकार सांगतं, दुसरं रुबाब. कोनदार मथळ्याच्या नावात दोन्ही थोडंथोडं असावं.

आता पांढुर्णा-सौंसर भागासाठीच नाव शोधून पाहू. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, असा हा मुलूख आहे. त्यामुळे इथे टिकलेलं नाव दोन्ही भाषांच्या वाचकांपुढे चालेल.

पहिलं नाव कोणालाही सुचेल ते ‘गोटमार’. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड आणि झेंडा रोवतात, आणि पांढुर्णा व सावरगाव अशा दोन्ही काठांवरून दगड सुटतात. शब्द दणकट आहे, गावाचा आहे, तरी दोन कारणांनी बाद होतो. एक म्हणजे, गोटा असतो गोल. नदीने घासलेल्या दगडाला कोन राहत नाहीत, म्हणजे नाव अक्षराच्या नेमकं उलट बोलतं. दुसरं, या खेळात दरवर्षी माणसं जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. तेच नाव साबणाच्या जाहिरातीच्या मथळ्याला किंवा शाळेच्या फलकाला लावायचं तर कोणाच्या तरी घरची जखम उघडी पडेल. गावाची ओळख असलेला प्रत्येक शब्द विकाऊ नावाला चालतोच असं नाही.

मग ‘फाळ’ घेऊ. नांगराचा फाळ जड, टोकदार, शेतकऱ्याच्या ओळखीचा. मराठीत नाव चोख आहे. पण फॉन्टच्या फाइलमधलं आतलं नाव साध्या रोमन लिपीत आणि जागा न सोडता लिहावं लागतं, आणि बहुतेक सॉफ्टवेअरच्या यादीतही रोमन नावच दिसतं. Phal लिहिलं की मराठी माणूस ‘फळ’ वाचेल आणि हिंदी माणूस ‘फल’. संत्र्याच्या मुलखात तर दुसरं काही वाचलंच जाणार नाही. टोकदार लोखंडाचं रसाळ फळ झालं. ‘मोदक’लाही ही अडचण आहेच, कारण Modak हे मोडक आडनावही असू शकतं. पण तिथे अक्षराचा गोल आकार दिसताच शंका फिटते.

‘कुऱ्हाड’ आकाराने उत्तम. रुंद पातं, तिरपी धार आणि सरळ दांडा, म्हणजे अक्षराचा बांधाच. पण त्यातला ‘ऱ्ह’ नडतो. हा अर्धा ‘ऱ’ हिंदीत लागत नाही, त्यामुळे केवळ हिंदीचा विचार करून बनवलेल्या फॉन्टमध्ये तो धड दिसेलच याची खात्री नाही. आपल्या अक्षरात आपण तो नीट काढू, पण नाव इतरांच्या फॉन्टमध्येही छापलं जाणार: बातमीत, बिलावर, यादीत. तिथे ते तुटून दिसलं तर काय उपयोग? शिवाय हिंदी वाचक Kurhad चा उच्चार करताना अडखळेल तो वेगळाच.

आता ‘घण’. लोहाराचा मोठा हातोडा: जड डोकं, सपाट तोंड, एकाच घावात काम. रोमनमध्ये Ghan. मराठी वाचक ते ‘घण’ वाचेल किंवा ‘घन’, आणि घन म्हणजे भरीव, दाट किंवा सहा बाजूंचा चौकोनी ठोकळा. हिंदी वाचक ‘घन’च वाचेल, आणि हिंदीत घन म्हणजे लोहाराचा हातोडाही असतो आणि गणितातला ठोकळाही. चुकीचं वाचलं तरी माणूस जड आणि कोनदार वस्तूपाशीच पोचतो. फाळाची वाट जिथे चुकली तिथे घणाची चुकत नाही. ‘घन’चा ढग असाही अर्थ आहे, पण तो गाण्यात जास्त भेटतो, छापखान्याच्या यादीत नाही.

नाव निवडलं की ते त्याच अक्षरात लिहून पाहावं. ‘घण’मध्ये तीन उभे दंड येतात, त्यामुळे जाडी लगेच दिसते. पण इथेच एक धोका आहे. ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात फरक एवढाच, की ‘घ’वर शिरोरेषा अखंड जाते आणि ‘ध’वर डावीकडे ती तुटून तिथे छोटी वळी येते. सर्वात जाड वजनात ती वळी बुजली आणि फट भरली, तर ‘ध’ही ‘घ’सारखाच दिसू लागतो. मग ‘धन’ आणि ‘घन’ यांत फरक राहत नाही. म्हणून हे दोन शब्द शेजारी, बातमीच्या उपमथळ्याएवढ्या लहान आकारात छापावे आणि हातभर अंतरावरून वाचावे. गोंधळ झाला तर नावाला दोष नाही; ‘ध’ची फट रुंद करायला हवी.

दुसरी उणीव अशी, की ‘घण’मध्ये पूर्ण गोल अक्षर एकही नाही. कोनदार अक्षराची खरी कसोटी ट, ठ, ढ, ळ यांच्यावर लागते. उभ्या दंडाची अक्षरं कोनदार करणं सोपं, ‘ठ’चं वर्तुळ मोडणं अवघड. म्हणून नमुन्याच्या पानावर नावाखाली ‘ठळक’ किंवा ‘ढाल’ असा शब्द ठेवावाच लागेल. अशा शब्दालाच नाव करता आलं असतं, पण Thalak मधला th ‘थ’ही वाचला जातो, आणि ‘ळ’ रोमनमध्ये उतरतच नाही.

शेवटचं काम कोरडं आहे, पण चुकवता येत नाही. निवडलेलं नाव आधीच कोणी घेतलं आहे का, हे फॉन्टच्या मोठ्या संग्रहांत आणि व्यापारचिन्ह नोंदणीच्या ९व्या वर्गात पाहावं, कारण सॉफ्टवेअर त्याच वर्गात मोडतं. शोधताना Ghan, Ghana, Ghann अशी जवळची रूपंही तपासावीत. नाव अडलेलं निघालं तर दुसरं शोधायचं. पण कसोट्या याच क्रमाने लावायच्या: आधी वस्तूचा आकार, मग तिच्याभोवतीच्या आठवणी, मग रोमन रूप आणि शेवटी स्वतःच्याच अक्षरात छापलेलं नाव.

पुढच्या भागात : नमुन्याच्या पानावर कोणते मराठी शब्द ठेवावेत आणि ‘ऱ्ह’, ‘ळ’, ‘ज्ञ’ यांची परीक्षा कशी घ्यावी.