पाच पायऱ्यांची रोख्यांची शिडी

मे 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवर आणला आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं तो तिथेच राहिला. ज्यांच्या सगळ्या ठेवींची मुदत नेमकी त्या काळात संपली, त्यांना मिळेल त्या व्याजावर पैसे पुन्हा गुंतवावे लागले. फेब्रुवारी 2023 मध्ये हाच दर 6.5 टक्के झाला, तरी लांब मुदतीत अडकलेली रक्कम जुन्याच दराने पडून राहिली. सगळे पैसे एकाच तारखेला बांधले, की असं होतं.

यावरचा उपाय म्हणजे रोख्यांची शिडी. समजा, निवृत्त शिक्षिकेकडे 10 लाख रुपये आहेत. त्या 1, 2, 3, 4 आणि 5 वर्षांत मुदत संपणारे प्रत्येकी 2 लाखांचे सरकारी रोखे घेतात. हिशेबाच्या सोयीसाठी सगळ्यांचा दर 7 टक्के धरू. वर्षाला 70,000 रुपये व्याज आलं. दरवर्षी एक पायरी मोकळी होते आणि त्या पैशांतून नवा पाच वर्षांचा रोखा घ्यायचा.

आता वर्षभरात दर 5 टक्क्यांवर घसरला असं समजू. सगळे पैसे एका वर्षाच्या मुदतीत असते, तर उत्पन्न थेट 50,000 वर आलं असतं. शिडीत फक्त 2 लाख नव्या दराने जातात, म्हणून उत्पन्न 66,000 राहतं. उलट दर 9 टक्के झाला, तर तेच 2 लाख वाढीव व्याज आणतात आणि उत्पन्न 74,000 होतं. दर चढो वा उतरो, धक्का एकदम न बसता पाच वर्षांत वाटला जातो. अर्थात, सर्वांत चांगल्या दराचा पूर्ण फायदाही शिडीत मिळत नाही.

नोव्हेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ खात्यातून असे रोखे किमान 10,000 रुपयांपासून घेता येतात. ‘7.18% जीएस 2033’ या नावातच कूपन दर आणि मुदतीचं वर्ष सापडतं. पण निवड कूपन पाहून करू नये. 104 रुपयांना घेतलेल्या रोख्याचे मुदतीअंती 100 रुपयेच मिळतात, म्हणून मुदतीपर्यंतचा खरा परतावा, म्हणजे यील्ड, पाहावा.

शिडी मोडते ती दोन कारणांनी. पहिलं म्हणजे अडीअडचणीत रोखा मध्येच विकणं. बाजारातला दर 9 टक्के झाला, तर पाच वर्षं बाकी असलेल्या 7 टक्क्यांच्या रोख्याचे सुमारे 92 रुपयेच मिळतील, एक वर्ष बाकी असलेल्याचे सुमारे 98. शिवाय छोट्या रकमेला गिऱ्हाईक लगेच मिळेलच असं नाही. म्हणून आजारपणाचे पैसे शिडीबाहेर, बँकेत असावेत. दुसरं कारण म्हणजे कंपनीच्या रोख्यातली ‘कॉल’ची अट. व्याजदर पडले, की कंपनी पैसे मुदतीआधीच परत करते आणि ज्या पायरीवर भिस्त होती, तीच ऐन वेळी निसटते. विकत घेण्याआधी ही अट कागदपत्रांत शोधावी.