संदर्भसूचीतली एक ओळ आणि ग्रंथपालांना ईमेल

समजा, सातवाहनांवरच्या एका जुन्या लेखात आपल्याला एवढीच तळटीप दिसली: ‘भांडारकर, जे.बी.बी.आर.ए.एस., खंड 20, पृ. 356’. लेखाचं नाव नाही, साल नाही. मूळ लेख हवा, म्हणून विद्यापीठाच्या ग्रंथपालांना लिहायचं आहे.

आधी लघुरूप सोडवू या. ही अक्षरं म्हणजे ‘जर्नल ऑफ द बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी’. ती संस्था आज एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई म्हणून ओळखली जाते. ग्रंथालयाच्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या यादीत, शोधताना हे पूर्ण नाव टाकावं. बहुतेकांची गाडी इथेच अडते. तालिकेत सहसा नियतकालिकाची नोंद असते, आतल्या प्रत्येक लेखाची नसते. लेखकाच्या नावाने काही सापडलं नाही, म्हणजे खंड ग्रंथालयात नाही असं होत नाही.

दुसरी अडचण नावाची. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि त्यांचे पुत्र देवदत्त, दोघेही या नियतकालिकात लिहीत. यातले कोणते, हे तळटीप सांगत नाही. आपला अंदाज ईमेलमध्ये द्यावा, पण अंदाज म्हणूनच.

आता मजकूर:

विषय: जुन्या नियतकालिकातील लेखाचा शोध – भांडारकर, खंड 20, पृ. 356

सप्रेम नमस्कार,
मी इतिहास विभागात एम.ए. करते. सोबतच्या छायाचित्रातील तळटीप क्र. 14 मधला लेख मला हवा आहे. तळटीप जशीच्या तशी: ‘भांडारकर, जे.बी.बी.आर.ए.एस., खंड 20, पृ. 356’. लेखक बहुधा रा. गो. भांडारकर असावेत, खात्री नाही. आपल्या तालिकेत नियतकालिकाच्या पूर्ण नावाने शोधलं, तेव्हा खंड 18 पर्यंतच नोंद दिसली. खंड 20 आपल्याकडे किंवा इतर ग्रंथालयातून मिळेल का? पृ. 356 पासूनचा पूर्ण लेख आणि खंडाचं मुखपृष्ठ हवं आहे. महिनाअखेरपर्यंत मिळालं तरी चालेल.

तळटीप स्वतः दुरुस्त करून पाठवू नका. चूक दिसली तरी ती तशीच ठेवून खाली शंका लिहा. खंडांचे आकडे पूर्वी रोमन अंकांत छापत. त्यातलं एक अक्षर गळलं की 20 चे 10 होतात. अशी चूक अनुभवी ग्रंथपालांना मूळ रूपावरूनच ओळखता येते. म्हणून छायाचित्र जोडायचं, आणि ज्या लेखात तळटीप सापडली त्याचं नाव, साल व पानही शेवटी लिहायचं. हा तपशील सर्वाधिक वेळा राहून जातो.

खंड तिथे नसेल, तर ग्रंथपाल आंतरग्रंथालयीन देवघेवीने, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाकडून, पानांची प्रत मागवू शकतात. त्याला वेळ लागतो, कधी प्रतीचा खर्चही येतो. तो आपल्याला चालेल का, हे ईमेलमध्येच सांगितलं की एक फेरी वाचते.

प्रत आली की आधी मुखपृष्ठ पाहा. या खंडांत कधी काही वर्षांचे अंक एकत्र बांधलेले असत, त्यामुळे साल जुळलं नाही म्हणून लगेच लेख चुकीचा समजू नका. मग पान 356 उघडा. इथे रामकृष्णपंतांचा भारताच्या प्राचीन इतिहासावरचा 1900 सालचा लेख सुरू होतो. ज्या विधानासाठी तळटीप दिली होती, ते विधान त्या पानावर नसेल तर पुढची पानं चाळा. पुष्कळदा तळटिपेत लेखाचं फक्त पहिलं पान दिलेलं असतं.