जाहिरातींच्या विभाजित चाचणीतील सांख्यिकीय सार्थकता : लहान नमुना आणि 'विजेत्या'चा निर्णय

प्रस्तावना :

एकाच जाहिरातीचे दोन मसुदे तयार करून ते वेगवेगळ्या लोकांना दाखवावयाचे आणि ज्यास अधिक प्रतिसाद मिळेल तो स्वीकारावयाचा, या पद्धतीस विभाजित चाचणी असे म्हणतात. मोबाईलवरील जाहिरातींमुळे ही पद्धत आता लहान संस्थांनाही परवडणारी झाली आहे. मात्र आकडे हाती येताच 'विजेता' घोषित करण्याची घाई केली जाते. दिसलेला फरक मसुद्यामुळे पडला की योगायोगाने, हा प्रश्न विचारलाच जात नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

एक उदाहरण :

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील लोहारा परिसरातील एका महाविद्यालयाने प्रवेशाच्या जाहिरातीचे दोन मसुदे केले. 'अ' मसुद्यात इमारतीचे छायाचित्र आहे, तर 'ब' मसुद्यात प्रयोगशाळेतील विद्यार्थिनींचे. प्रत्येक मसुदा यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ४०० व्यक्तींना दाखविला. 'अ' वरून १२ जणांनी चौकशी केली, 'ब' वरून २० जणांनी. म्हणजे प्रमाण अनुक्रमे ३ टक्के व ५ टक्के आले. 'ब' सरस आहे असे कोणासही वाटेल.

आता शून्य परिकल्पना मांडू : दोन्ही मसुद्यांत वास्तविक फरक नाही. तसे असल्यास एकत्रित प्रमाण ८०० पैकी ३२, म्हणजे ४ टक्के येते. त्यावरून दोन प्रमाणांतील फरकाची प्रमाण त्रुटी सुमारे १.३९ टक्के-बिंदू इतकी निघते. दिसलेला फरक २ टक्के-बिंदूंचा आहे. त्यास प्रमाण त्रुटीने भागल्यास १.४४ हे मूल्य मिळते. पाच टक्के सार्थकता पातळीसाठी ते १.९६ पेक्षा अधिक हवे. मसुद्यांत काहीच फरक नसतानाही एवढे किंवा याहून मोठे अंतर दर १०० चाचण्यांपैकी सुमारे १५ चाचण्यांत दिसेल. म्हणून 'ब' चा विजय सिद्ध होत नाही. 'ब' निकृष्ट आहे असेही यातून सिद्ध होत नाही. पुरावा अपुरा आहे, एवढेच म्हणता येते.

लहान नमुना कसा फसवितो :

याच प्रमाणात प्रत्येकी ४,००० व्यक्तींचा नमुना असता, तर हेच मूल्य ४.५६ आले असते आणि शंकेस जागा उरली नसती. नमुना दसपट झाला तरी प्रमाण त्रुटी एक-दशांश होत नाही. ती दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.१६ पटींनी घटते. अचूकता महाग पडते ती यामुळेच.

याहून सूक्ष्म धोका असा की, लहान नमुन्यातील 'सार्थक' निकालही अतिशयोक्त असतो. समजा, खरी प्रमाणे ३ व ४ टक्के आहेत. प्रत्येकी ४०० व्यक्तींच्या चाचणीत सार्थकतेसाठी किमान अडीच टक्के-बिंदूंचा फरक दिसावा लागतो. म्हणजे एका टक्के-बिंदूचा खरा फरक अडीचपट फुगून आला तरच तो कसोटीस उतरतो. विजेता मसुदा पुढे अपेक्षेइतके यश का देत नाही, याचे एक उत्तर येथे सापडते.

तिसरी चूक म्हणजे रोज आकडे पाहून अनुकूल क्षणी चाचणी थांबविणे. जमा होत जाणाऱ्या आकड्यांची पाच टप्प्यांवर पाच टक्के पातळीने तपासणी केल्यास खोट्या विजेत्याची शक्यता ५ वरून सुमारे १४ टक्क्यांवर जाते.

मोठ्या नमुन्याचा दाखला :

बराक ओबामा यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारमोहिमेत डिसेंबर २००७ मध्ये संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरील चित्रे व बटणांच्या २४ जोडण्या तपासण्यात आल्या. एकूण ३,१०,३८२ अभ्यागत, म्हणजे प्रत्येक जोडणीस सुमारे १३,००० अभ्यागत मिळाले. मूळ पानावर नोंदणीचे प्रमाण ८.२६ टक्के होते, तर सर्वोत्तम जोडणीवर ११.६ टक्के. येथे वरील कसोटीचे मूल्य ९ च्या आसपास येते. चोवीस जोडण्यांतून सर्वोत्तम निवडताना योगायोगास मिळणारी जादा संधी लक्षात घेऊन निकष कडक केला, तरी हा निकाल टिकतो. हीच चाचणी प्रत्येकी १०० अभ्यागतांवर घेऊन ८ व १२ नोंदण्या आल्या असत्या, तर मूल्य १ पेक्षाही कमी भरले असते.

निष्कर्ष :

नमुन्याचा आकार चाचणीपूर्वीच ठरविणे आवश्यक आहे. खरा फरक असल्यास तो ८० टक्के वेळा सापडावा अशी अपेक्षा ठेवल्यास, ३ व ५ टक्क्यांतील फरकासाठी प्रत्येक मसुद्यास सुमारे १,५०० व्यक्ती लागतात. ३ व ४ टक्क्यांसाठी ही संख्या सुमारे ५,३०० होते. लोहाऱ्यासारख्या ठिकाणी एका प्रवेश हंगामात एवढे इच्छुक विद्यार्थी मिळणे कठीण आहे. अशा वेळी छायाचित्र किंवा रंगातील किरकोळ बदल तपासण्याऐवजी शुल्क-सवलत अथवा वसतिगृह यांसारखे मूलतः भिन्न आशय तपासावेत. दोन्ही मसुदे एकाच कालावधीत दाखवावेत आणि ठरलेली संख्या पूर्ण होईपर्यंत निर्णय घेऊ नये. तेवढी संख्या शक्यच नसल्यास खर्च व सोय पाहून मसुदा निवडण्यास हरकत नाही, परंतु त्या निवडीस चाचणीचा निष्कर्ष असे संबोधू नये.