चेंडूची उसळी एक सेंटिमीटरच्या खाली कधी जाते?

समजा, तुम्ही 200 सेंटिमीटरवरून चेंडू सोडलात आणि दर टप्प्याला तो एक चतुर्थांश उंची गमावतो. मग n टप्प्यांनंतरची उंची `200 × 0.75^n`. ती 1 पेक्षा कमी हवी. दोन्ही बाजूंचा लॉग घ्या: `n log 0.75 < −log 200`. घोळ होतो तो इथेच. `log 0.75` ऋण आहे, म्हणून भागताना चिन्ह उलटतं आणि `n > 18.4` येतं. टप्पे पूर्ण संख्येत मोजायचे, तेव्हा उत्तर 19. ताळा करून बघा: 18व्या टप्प्यानंतर 1.13 सेंटिमीटर, 19व्यानंतर 0.85.

पण गुणोत्तर 0.75 ऐवजी 0.78 असेल तर उत्तर थेट 22! म्हणून एकाच उसळीवर विसंबू नका. पाच-सहा उसळ्यांच्या उंचीचे लॉग टप्प्यांच्या क्रमांकासमोर आलेखावर मांडा. सरळ रेषा आली, तर तिचा उतार वापरा. रेषा वाकली, तर गुणोत्तर स्थिर नाही आणि हे सूत्रही चालणार नाही.